सात दिवसांची लिंक

आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. पुस्तक कुणी, किती दिवसांसाठी नेलं आणि कधी परत करायचं, याची नोंद ठेवणं आणि परतीची तारीख मागच्या पानावर शिक्क्याने उमटवणं हे माझं काम. मुदत संपून दोन दिवस झाले तरी मी पोरांना झापायचो. प्राध्यापकांनाही सोडलं नाही. अशा माणसाकडून मुदतीच्या बाबतीतच जो गाढवपणा झाला, तो मी इथे लिहून ठेवतोय. माझ्या गाढवपणाला तसं काही महत्त्व नाही. पण तो सांगितल्याशिवाय वहिनीचं शहाणपण सांगता येत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. आमचं मूळ गाव आटपाडीच्या पलीकडे, माळावरचं. आमच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागे हिंडल्या. आता थोडं पाणी आलंय, डाळिंब आलंय, घराघरातला एखादा पोरगा लष्करात आहे; पण वहिनीने तीस-पस्तीस मेंढरं अजून सोडलेली नाहीत. शाळा सातवीपर्यंत. मी सांगलीत राहायला आलो, शर्ट खोचून चष्मा लावून हिंडू लागलो, तेव्हापासून ती मला थोड्या मानाने आणि बऱ्याच मस्करीने वागवते. "आमचं भावजी म्हणजे पुस्तकातलं हायती," असं ती चारचौघांत सांगते. हे कौतुक आहे की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावात हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्याच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. आमचा हेळवी कर्नाटकाच्या बाजूचा. तीन-चार वर्षांतून एकदा येतो. त्याचा बाप बैलावर बसून यायचा, हा मोटरसायकलवर येतो. पण कापडात बांधलेली वही तीच. घरोघरी बसून तो पिढ्यान् पिढ्यांची नावं एका चालीत वाचतो आणि मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं नव्याने लिहून घेतो. आमच्या हेळव्याच्या वहीत आजवर फक्त पुरुषांची नावं होती. लेकी लग्न होऊन गेल्या की गेल्या.

वहिनीने यंदा हट्टच धरला. लेकींची नावंही लिहा म्हणाली. हेळवी थोडा कुरकुरला, मग शेंगा, ज्वारी आणि एक कोकरू यांच्याकडे बघून कबूल झाला.

या हट्टामागे होती आमची आत्ती, माझ्या वडिलांची बहीण. वय पंच्याऐंशीच्या पुढे. ती शिरवळला मुलाजवळ राहते. माझा हा आतेभाऊ तिथल्या कारखान्यात कामाला आहे. आत्तीचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली, त्यामुळे हेळवी आला तरी तिला गावाला येता येईना. तिने वहिनीला फोन करून एकच गोष्ट मागितली होती. "माझं नाव ऱ्हाऊ दे गं. माझ्या धाकटीचं तेवढं लिवून घे."

ही धाकटी आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नाही. आत्ती सात वर्षांची असताना तिच्या पाठची बहीण चार वर्षांची होती. दुष्काळात मेंढरं घेऊन घरची मंडळी कृष्णाकाठाला उतरली होती. वाटेत पोरीला ताप भरला. दोन दिवस आत्तीने तिला पाठीवर घेतलं. तिसऱ्या दिवशी एका उसाच्या बांधाला तिला पुरलं आणि कळप पुढे गेला, कारण मेंढरं थांबत नाहीत. तो बांध कुठला हे कुणाला ठाऊक नाही. तिचा फोटो नाही, जन्माची नोंद नाही, मेल्याची नोंद नाही. आत्ती गेली की तिचं नाव घेणारं कुणी उरणार नाही, हे आत्तीला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तिला ते नाव वहीत हवं होतं, आणि हेळव्याच्या तोंडून घेतलेलं आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

वहिनीचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, लष्करात आहे. तो तेव्हा सुट्टीवर होता. हेळवी आमच्या अंगणात बसला, तो सगळा दीड-दोन तासांचा कार्यक्रम त्याने आपल्या फोनवर चित्रित केला. मी त्या दिवशी माधवनगरला एका लग्नात जेवत होतो. पण आत्तीला फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आत्ती, मी स्वतः येऊन तुला टीव्हीवर दाखवतो. तू फक्त ऐकायचं." ती म्हणाली, "ये बाबा, लवकर ये. माझा काय भरवसा न्हाई."

चित्रणाच्या फायली एवढ्या मोठ्या झाल्या की चॅटवरून जाईनात. मग पुतण्याने त्या फायली पाठवायच्या एका साइटवर चढवल्या आणि आमच्या घराण्याच्या ग्रुपवर लिंक टाकली. खाली लिहिलं: "लिंक सात दिवसच चालंल. सगळ्यांनी उतरवून घ्या. माझ्या फोनमदी जागा न्हाई, मी उडवतोय. परवा डुटीवर जातोय, तिथं रेंज नसतीय."

यापेक्षा स्वच्छ सूचना माणसाने काय द्यावी? आमच्या ग्रुपमध्ये चाळीसच्या वर माणसं आहेत. त्यातल्या एकाने लिहिलं, "मी स्टार करून ठेवलंय." दुसऱ्याने तीच लिंक आणखी दोन ग्रुपवर पाठवून दिली आणि वर लिहिलं, "आता हरवायची भीती नाही." तिसऱ्याने त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून तो गॅलरीत जपून ठेवला. आणि मी? मी अंगठा दाखवला. अंगठा दाखवला की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं, हा या मोबाईलचा मोठा घात आहे. मीसुद्धा मेसेज स्टार केला होता. स्टार म्हणजे पुस्तकात घातलेली खूण, एवढंच. कपाटातून पुस्तकच नेलं तर खुणेचा काय उपयोग? हे मला, ग्रंथालयात केस पांढरे केलेल्याला, सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

मग घरातली पाण्याची टाकी गळायला लागली. प्लंबर आज येतो, उद्या येतो करत राहिला. मध्ये दाढदुखी झाली. लिंक आहेच की, जाऊ की, असं म्हणत दहाव्या दिवशी मी सांगलीहून निघालो. साताऱ्यात बस बदलून शिरवळला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते.

आतेभावाने सुट्टी काढली होती. आत्तीचा पलंग टीव्हीसमोर आणून ठेवला होता. तिला नवं लुगडं नेसवलं होतं, केस विंचरले होते. मागे दोन उशा देऊन तिला बसती केली होती. फोन टीव्हीला जोडून झाला. मी चष्मा पुसला, स्टार केलेला मेसेज उघडला आणि लिंकवर बोट ठेवलं. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर एक स्वच्छ पांढरं पान आलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की या लिंकची मुदत संपली आहे आणि फायली काढून टाकल्या आहेत.

मी पान पुन्हा उघडलं. लिंक कॉपी करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकली. आतेभावाच्या फोनवरून पाहिलं. ज्याने दोन ग्रुपवर पाठवली होती त्याच्याकडून मागवून पाहिली. सगळीकडे तेच पांढरं पान. चाळीस जणांकडे लिंक होती म्हणजे चाळीस ठिकाणी व्हिडिओ होता असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात व्हिडिओ एकाच ठिकाणी होता आणि आमच्याकडे होता त्याचा नुसता पत्ता. घर पाडल्यावर चाळीस जणांनी पत्ता जपून काय होणार?

"लागंना व्हय रं?" आत्तीने विचारलं.

"रेंज नाही आत्ती," मी म्हणालो. पंच्याऐंशी वर्षांच्या म्हातारीशी मी तोंडावर खोटं बोललो. ती मान हलवून म्हणाली, "येईल की. मी कुटं चाललीया." आणि ती त्या पांढऱ्या पानाकडे बघत बसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी बाहेरच्या गॅलरीत गेलो. पुतण्याला फोन लावला. लागला नाही, लागणार नव्हताच. हेळवी केव्हाच आपल्या मुलखात गेला होता. आता पुन्हा तीन-चार वर्षांनी. तोवर आत्ती? शेवटी वहिनीला फोन केला. तिच्याकडून काही मिळेल म्हणून नव्हे. कुणाकडे तरी गुन्हा कबूल करायचा म्हणून.

मागे मेंढरांचं बें-बें ऐकू येत होतं. मी सगळं सांगितलं.

"झालं सांगून?" तिने विचारलं.

"झालं."

"आवं भावजी, मी घेतलंया की उतरवून. दुसऱ्याच दिशी."

मग तिने हळूहळू सांगितलं, आणि मला तिथे गॅलरीत उभ्या उभ्या जे वाटलं ते आदर या शब्दात बसत नाही.

लिंक आली त्या संध्याकाळीच तिने ती उघडून पाहिली होती. उघडल्यावर पहिल्यांदा तिने काय शोधलं? तारीख. मेंढरांना पावसाळ्याआधी लस टोचतात. त्या बाटलीवर तारीख असते आणि ती उलटून गेलेली बाटली टोचली तर लस लागू होत नाही आणि कळपच्या कळप आजारी पडतो. "तारीख बघितल्याबिगर मी मेंढराला सुई लावत न्हाई," ती म्हणाली. "त्या पानावर इंग्रजीत तारीख हुती. आकडं तर आपल्याला कळत्यात. म्हटलं, हे बी मुदतीचंच हाय." तिच्या फोनमध्ये जागा नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी मेंढरं शेजारणीवर सोपवून ती एसटीने आटपाडीला गेली. झेरॉक्सच्या दुकानात बसली. दुकानदाराला म्हणाली, हे कॉम्प्युटरवर उतरवून दे आणि पेनड्राइव्हवर घालून दे.

अर्ध्यात वीज गेली. वीज आल्यावर फायली पेनड्राइव्हवर दिसत होत्या, नावंही बरोबर होती. दुकानदार म्हणाला, झालं काकू. ही म्हणाली, उघडून दाव. तिने प्रत्येक फाईल सुरुवातीला बघितली, मध्ये बघितली आणि शेवटाला बघितली. एक अर्ध्यावरच थांबत होती. ती पुन्हा उतरवायला लावली. दुकानदार वैतागला असणार, पण वहिनीसमोर वैताग दाखवायची हिंमत आमच्या गावात कुणात नाही, तिथे आटपाडीच्या दुकानदाराची काय कथा.

"आन् दोन पेनड्राइव्ह केलं," ती म्हणाली. "एक माझ्या ट्रंकेत, एक माझ्या भावाच्या घरी. दोन्ही एकाच घरात ठिवून काय उपेग? उंदरानं कुरतडलं, न्हाईतर आग लागली, तर दोन्ही जायाचं."

"वहिनी, ग्रुपवर सांगायचं तरी," मी म्हणालो. अपराधी माणसाला चिडायची कारणं लवकर सापडतात.

"सांगितलं की. लिंकंच्या खालीच टाकलंय. 'म्या उतरवलं, तुमी बी उतरवा, तारीख बघा.' तुमी अंगठा दावलाय."

मी फोन कानाला तसाच धरून ग्रुप उघडला. खरंच होतं. वहिनीचा मेसेज होता आणि त्याच्याखाली माझाही अंगठा होता. न वाचताच दाखवलेला. ग्रंथालयात मी वीस वर्षं एक पाटी लावली होती: 'कृपया सूचना वाचाव्यात.'

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने विचारलं, "आत्ती बसलीया का पडलीया?" बसलीय म्हटल्यावर म्हणाली, "मग तिला जेवाय घाला आन् जरा पडू द्या. मला दोन-तीन तास लागत्याल. आटपाडीला जाऊन तिचा तुकडा तेवढा कापून घेऊन धाडते. समदं धाडायला गेलं तर दिस मावळंल."

त्या उन्हात ती कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून पेनड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधून गेली. हे मला नंतर कळलं, तेही तिच्याकडून नव्हे.

ते तीन तास मी विसरणार नाही. आत्ती दोन घास जेवली, पण पडेना. दर थोड्या वेळाने टीव्हीकडे बघायची. एकदा म्हणाली, "खरं सांग रं. गेलं न्हवं ते?" मग मला राहवलं नाही. मी सांगितलं, "आत्ती, माझ्या हातनं गेलं. पण वहिनीनं ठेवलंय." ती जराही रागावली नाही. "तिनं ठिवलंय व्हय," म्हणाली, आणि प्रथमच उशीला टेकून डोळे मिटले.

तीनच्या सुमारास फाईल आली. अकरा मिनिटांची, डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली, म्हणजे चित्र खराब होत नाही. पाठोपाठ वहिनीचा फोन. मी थेट टीव्हीवर लावायला निघालो होतो.

"थांबा. आदी उतरवून घ्या. त्या बाणावर बोट ठिवा, पुरतं उतरू द्या. चॅटमदी आलं म्हंजी आपल्या फोनमदी आलं, असं न्हाई. उतरवून घेतलं न्हाई तर हे बी महिन्याभरानं उघडत न्हाई, परत धाड म्हणतंय. माझ्या लेकानं धाडलेलं दोन फोटू तसंच गेलं. तवापासनं मी कानाला खडा लावलाय."

मी बाणावर बोट ठेवलं. पुरतं उतरू दिलं.

"आता शेवटाला जाऊन बघा, लागतंय का."

मी शेवटाला जाऊन बघितलं. लागत होतं.

"आता चॅटमधनं भाईर काढून फोनमदी दुसरीकडं ठिवा. फोन बदलला, चॅट साफ केलं, तरी ऱ्हायला पायजे. आन् त्यास्नी पेनड्राइव्ह आणाय धाडा. टीव्हीच्या मागं लावायचा. म्हंजी आत्तीला तुमची वाट बघाय नको."

आतेभाऊ आधीच चपला घालत होता. वहिनीने सांगितलं तसं मी सगळं केलं, एका शब्दाने वाद घातला नाही. आयुष्यात मला शिकवणारे बरेच भेटले, पण कुणाचं शिकवणं मी एवढ्या मुकाट्याने घेतलं नव्हतं.

मग टीव्हीवर आमचं अंगण आलं. कडुलिंबाखाली घोंगडं, त्यावर हेळवी, मांडीवर वही. भोवती गावची मंडळी. तो एकेक नाव एका संथ चालीत घेत होता. हयात असलेल्या माणसाचं नाव आलं की तो माणूस "हाय जी" म्हणतो, अशी आमच्याकडे रीत आहे. जो अंगणात नसेल त्याच्या वतीने घरचं कुणीतरी म्हणतं. मेलेल्याच्या नावावर हेळवी स्वतःच क्षणभर थांबतो आणि कुणीही बोलत नाही.

माझ्या आजोबांचं नाव आलं. हेळवी थांबला. माझ्या वडिलांचं आलं. थांबला. मग तो म्हणाला, "आणि लेकी," आणि त्याने आत्तीचं नाव घेतलं. अंगणातून वहिनीचा खणखणीत आवाज आला, "हाय जी!" शिरवळच्या पलंगावर आत्तीने डोक्यावर पदर घेतला आणि तीही म्हणाली, "हाय जी."

"तिच्या पाठची," हेळवी म्हणाला, आणि त्याने ते नाव घेतलं. चार वर्षांच्या पोरीचं नाव. इथे मी ते लिहीत नाही. ते जिथे असायला हवं तिथे आता आहे.

नाव घेऊन हेळवी थांबला. अंगणात कुणी बोललं नाही. बोलायचं नसतंच. टीव्हीवर नुसती कडुलिंबाची पानं हलत होती.

"हाय जी," आत्ती म्हणाली.

तिचा आवाज मोठा होता, लांब ऐकू जावा असा. मी काही समजावून सांगावं तशी परिस्थिती नव्हती. हेळवी पुढच्या नावाकडे गेला होता. आत्तीने माझा हात धरला आणि म्हणाली, "माघारी ने."

मी मागे नेलं. हेळव्याने पुन्हा ते नाव घेतलं, पुन्हा थांबला, आणि पुन्हा आत्तीने तिच्या वतीने उत्तर दिलं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मीही तिच्याबरोबर म्हणालो.